साखरपुड्याची तयारी: डेकोरेटर, साउंडवाला, फोटोग्राफर यांच्या वेळा कशा लावायच्या

प्रश्न: रविवारी बहिणीचा साखरपुडा आहे, दादरच्या एका हॉलमध्ये. हॉल दुपारी 3 ला ताब्यात मिळतो, पाहुणे साडेसहापासून येतील, अंगठ्या सव्वासातला. डेकोरेटर, साउंडवाला आणि फोटोग्राफर मी वेगवेगळे ठरवलेत, तिघंही एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यांना "तीनला या" असा एकच मेसेज टाकला तर चालेल का? नाही तर कोणाला किती वाजता बोलवू?

उत्तर:

मेसेज एकच टाका, वेळ मात्र एकच टाकू नका. तिघं तीनला आले की पुढे काय होतं ते जवळपास ठरलेलं असतं. साउंडवाल्याचं सामान डेकोरेटरपेक्षा कमी, त्यामुळे तो आधी वर पोचतो. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत स्पीकर उभे करतो, वायरी टाकतो, "माझं झालं" म्हणून खाली चहाला जातो. मग डेकोरेटरची माणसं बॅकड्रॉपची फ्रेम घेऊन येतात. त्यांना शिडीचा घोडा लावायला नेमके तेच कोपरे हवे असतात, म्हणून ती स्पीकर सरकवतात आणि वायर ओढून बाजूला करतात. फ्रेमचा पाय त्याच वायरीवर बसला तर ते कोणाला दिसतही नाही. साउंडवाला परत येतो तेव्हा एक स्पीकर मुका झालेला असतो आणि तो कोणामुळे झाला यावर दोघांची जुंपते. फोटोग्राफर हे सगळं खुर्चीत बसून बघत असतो. त्याचे तास तीनपासूनच मोजले जातात. रात्री मामा-मामी, आत्या-काका ग्रुप फोटोला उभे राहतात तेव्हा त्याची वेळ संपत आलेली असते.

तेव्हा आधी तिघांना एकेक फोन करा. "किती वाजता येणार?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर त्यांच्या सोयीचं मिळतं. दोनच गोष्टी विचारा. हॉलमध्ये पाय ठेवल्यापासून तुमचं काम संपेपर्यंत किती वेळ लागतो? आणि काम सुरू करायला आधी काय झालेलं असावं लागतं? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण क्षणभर थांबतात, कारण तो त्यांना सहसा कोणी विचारत नाही. पण वेळा त्याच्याच उत्तरातून निघतात.

तुमच्यासारख्या कार्यक्रमात उत्तरं साधारण अशी येतील. डेकोरेटर म्हणेल की बारा बाय आठ फुटांची फ्रेम उभी करून कापड लावायला पाऊण तास आणि फुलांना एक तास लागेल, त्याआधी स्टेज झाडलेलं आणि रिकामं हवं. साउंडवाला म्हणेल, मांडायला अर्धा तास, चेकला वीस मिनिटं. त्याला फ्रेम उभी झालेली हवी आणि लाइटचा पॉइंट हवा. फोटोग्राफर म्हणेल, कॅमेरे लावायला पंधरा मिनिटं पुरतात, पण बॅकड्रॉप पूर्ण झालेला आणि त्याचे लाइट लागलेले हवेत. व्हिडिओवाल्याला शिवाय मिक्सरमधून आवाजाची वायर घ्यायची असते, म्हणजे साउंड चालू झालेला हवा.

डेकोरेटरच्या उत्तरात दोन कामं आहेत हे लक्षात आलं का? सगळी मेख तिथे आहे. आपण "डेकोरेटर" म्हणतो तेव्हा एक माणूस डोळ्यांसमोर येतो, पण फ्रेम-कापडवाली माणसं बऱ्याचदा वेगळी आणि फुलांचे कारागीर वेगळे असतात. आणि साउंडचं काम या दोघांच्या मधे बसतं. फ्रेमच्या आधी वायरी टाकल्या तर त्या फ्रेमखाली सापडतात. फुलांनंतर टाकल्या तर त्या फुलांच्या खालून ओढाव्या लागतात. म्हणून डेकोरेटरला मेसेजमध्ये एक वेळ देऊ नका, दोन ओळी द्या: फ्रेमची टीम एका वेळेला, फुलांची दुसऱ्या वेळेला. त्यालाही हे परवडतं. फुलं सकाळीच दादरच्या फूलबाजारातून उचललेली असतात, ती उकाड्यात हॉलवर दीड तास आधी आणून कोमेजवण्यात त्याला रस नसतो. "मी साडेचारला येतो ना सगळं घेऊन" असं तो म्हणेल ते यासाठीच. त्याला सांगा, फुलं साडेचारलाच आणा, फ्रेम मात्र तीनला हवी.

फुलांआधी वायरी का, याचं आणखी एक कारण आहे. स्टेजच्या पुढच्या कडेला जी खरी फुलं लावतात ती बहुतेक वेळा हिरव्या फोममध्ये खोचलेली असतात आणि तो फोम पाण्यात बुडवून आणलेला असतो. तो तासन्तास ठिबकत राहतो. साउंडवाल्याने नंतर येऊन मोकळी जागा दिसली म्हणून तिथेच मागे एक्स्टेन्शन बोर्ड ठेवला, तर पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आली. वायरी आणि बोर्ड आधी मागच्या बाजूला बसवलेले असले की फुलवाले त्यांना टाळून काम करतात.

आता एक भांडण आधीच मिटवून ठेवा. स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर तिघांचाही डोळा असतो. डेकोरेटरला तिथे फुलांचे खांब उभे करायचे असतात. साउंडवाल्याला तिथे स्पीकर हवे असतात, कारण स्पीकर माइकच्या पुढे असले तर शिट्टी कमी वाजते. आणि फोटोग्राफरला तिथे काहीच नको असतं, कारण अंगठीच्या फोटोत कडेला काळा खोका दिसतो. हे साडेचारला हॉलवर ठरवायला बसलात तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा. त्यासाठी फोटोग्राफरला साडेचारला बोलवायचीही गरज नाही, कारण इथे त्याचं मत लागतं, तो स्वतः लागत नाही. हॉलच्या रिकाम्या स्टेजचा एक फोटो काढा, तो मेसेजच्या आधी तिघांच्या ग्रुपवर टाका आणि फोटोग्राफरला त्यावर खुणा करायला सांगा: मधला ट्रायपॉड कुठे, कुठून कुठपर्यंत फ्रेम मोकळी हवी. साधारणपणे तोडगा असा निघतो की खांब स्टेजच्या कडेवर आणि स्पीकर खांबाच्या बाहेर दोन-तीन फूट, भिंतीच्या बाजूला. तेवढं मेसेजमध्ये एका ओळीत लिहून टाका.

अशा बऱ्याच गोष्टी असतात. एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे म्हणजे दर वेळी तो माणूस समोर हवा असं नाही. कधी काम पूर्ण झालेलं लागतं, कधी नुसती माहिती पुरते. माहितीसाठी कोणाला लवकर बोलवू नका, ती आधीच मागवा.

चौथा माणूस तुमच्या प्रश्नात नाही, तो हॉलचा वायरमन. बोर्डाची किल्ली त्याच्याकडे असते आणि रविवारी दुपारी तो हमखास जेवायला गेलेला असतो. डेकोरेटरचे लाइट आणि साउंड एकाच पॉइंटवर टाकले तर दोन त्रास होतात. एक, सगळे लाइट लागल्यावर लोड वाढून एमसीबी पडतो, आणि तो बहुधा एसीही पूर्ण जोरात चालू झाल्यावर, म्हणजे पाहुणे आल्यावरच पडतो. दुसरा, स्पीकरमधून "घूंऽऽ" असा सलग आवाज येऊ लागतो. तो लाइट लावले की येतो आणि बंद केले की जातो, त्यावरूनच कारण कळतं. उपाय असा की मिक्सर आणि स्पीकर एकाच लाइनवरून चालवायचे, डेकोरेशनचे लाइट दुसऱ्या लाइनवर टाकायचे आणि माइकची वायर लाइटच्या वायरीला चिकटून लांबवर न नेता, जिथे ओलांडावी लागेल तिथे आडवी ओलांडायची. काही जण घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढतात. ते अजिबात करू देऊ नका. धातूची फ्रेम, पाणी ठिबकणारी फुलं आणि हातात माइक घेतलेला माणूस एकाच स्टेजवर आहेत. तर वायरमन चार वाजता बोर्डापाशी हवा, हे मॅनेजरला आधी सांगा आणि मेसेजमध्येही लिहा.

आता वेळा. त्या शेवटाकडून मोजत या.

साडेसहाला पाहुणे. त्याआधी दहा मिनिटं रांगोळीला. त्याआधी फोटोग्राफरला वीस मिनिटं रिकामं, झाडलेलं, लाइट लागलेलं हॉल हवं. स्टेजचे आणि तुमच्या बहिणीचे-जावईबापूंचे शांतपणे काढलेले फोटो यातच होतात, नंतर स्टेजसमोर कोणी ना कोणी असतंच. म्हणजे सहाला सगळं तयार. त्याआधी दहा मिनिटं कचरा, रिकामे खोके आणि घोडा बाहेर काढायला. त्याआधी वीस मिनिटं साउंड चेक, म्हणजे साडेपाच ते पाच-पन्नास. या वेळेत फुलांचं शेवटचं हातकाम चालू राहिलं तरी चालतं, ठोकाठोकी मात्र नको. आणि चेक सगळे लाइट आणि एसी चालू ठेवूनच करायचा, नाहीतर वरची घरघर आणि एमसीबी दोन्ही लपून राहतात. फोटोग्राफरच्या कामाचंही त्यात आहे. काही एलईडी लाइट डोळ्यांना स्थिर दिसतात, पण कॅमेऱ्यात बॅकड्रॉपवर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून व्हिडिओवाला शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवून बघतो. तरी पट्ट्या राहिल्या तर बऱ्याचदा तो दोष लाइटच्या डिमरचा असतो आणि डेकोरेटरला लाइट पूर्ण उजेडावर करायला सांगावं लागतं. म्हणजे साडेपाचला व्हिडिओवाला, साउंडवाला आणि डेकोरेटरचा लाइटवाला, तिघंही हॉलमध्ये हवेत. दिवसभरात तिघं एकत्र लागतात ते फक्त या वीस मिनिटांत.

तिथून मागे जा. फुलं पावणेपाच ते पावणेसहा. वायरी आणि स्पीकर सव्वाचार ते पावणेपाच, त्यानंतर लगेच वायरींवर कारपेट. फ्रेम आणि कापड तीन ते सव्वाचार. डेकोरेटरने पाऊण तास सांगितला होता, मी सव्वा तास धरलाय. त्यातली पंधरा मिनिटं हॉलच्या माणसांना स्टेज झाडायला आणि पंधरा मिनिटं शिल्लक म्हणून. शिल्लक वेळ प्रत्येक कामात थोडी थोडी वाटू नका, तशी ती कुठेच पुरत नाही. ज्या कामावर बाकी सगळे थांबलेले असतात त्याच्यामागे ती एकत्र ठेवा, आणि इथे ते काम फ्रेमचं आहे.

कामाशिवाय जागेचीही एक अडचण असते. दादरच्या बहुतेक हॉलना गल्लीत एकच टेम्पो उभा राहील एवढीच जागा, आणि हॉल पहिल्या मजल्यावर असला तर लिफ्टही एकच. डेकोरेटरचा आणि साउंडचा टेम्पो एकाच वेळी आले तर एकाला गल्लीबाहेर उभं राहावं लागतं, तिथे टोइंगची गाडी फिरत असते आणि मग ड्रायव्हर सामान घेऊन चक्कर मारायला निघून जातो. कॅटररची भांडीही याच सुमाराला येतात. म्हणून गेटवरची वेळ आणि काम सुरू करायची वेळ मेसेजमध्ये वेगळी द्या.

हे सगळं धरून मेसेज असा होतो. मी असाच लिहीन:

*रविवार, साखरपुडा. दादर, हॉल पहिला मजला. सामान मागच्या गेटने, पुढच्या दाराने नको.*

*2:45 – डेकोरेटर, फ्रेमची टीम, टेम्पो मागच्या गेटवर. सामान उतरवणं 3:00 नंतरच. 3:30 पर्यंत टेम्पो गेटवरून काढायचा.*
*4:15 – फ्रेम आणि कापड पूर्ण. डेकोरेटरने इथे फोटो टाकायचा.*

*3:50 – साउंड, गेटवर. 4:00 ला वायरमनकडून वेगळी लाइन घ्यायची. स्टेजवर काम 4:15 ला, फ्रेमचा फोटो आल्यावर. स्पीकर फुलांच्या खांबांच्या बाहेर, भिंतीच्या बाजूला.*
*4:45 – वायरी पूर्ण. साउंडने फोटो टाकायचा. मग डेकोरेटरने कारपेट टाकायचं.*

*4:30 – डेकोरेटर, फुलांची टीम, गेटवर. स्टेजवर काम 4:45 ला, वायरींचा फोटो आल्यावर. बोर्डाजवळ ओला फोम नको.*

*5:15 – फोटो आणि व्हिडिओ. 5:30 ला मिक्सरमधून आवाजाची वायर घ्यायची.*

*5:30 ते 5:50 – सगळे लाइट, एसी आणि साउंड एकत्र चालू. डेकोरेटरचा लाइटवाला, साउंड, व्हिडिओ तिघंही हॉलमध्ये.*

*6:00 – हॉल रिकामं, फक्त फोटो. 6:20 रांगोळी. 6:30 पाहुणे. 7:15 अंगठ्या.*

*उशीर होत असेल तर ग्रुपवर लिहा आणि (तुमच्या माणसाचं नाव, नंबर) यांना फोन करा. प्रत्येकाने आपली वेळ आणि काम लिहून उत्तर द्या.*

मेसेज वेळेच्या क्रमाने न लावता माणसाच्या क्रमाने लावलाय, म्हणून 4:15 नंतर 3:50 येतं. साउंडवाल्याला त्याच्या दोन ओळी एकत्र सापडल्या पाहिजेत. तो गाडीत बसून वाचणार, तेव्हा दहा ओळींतून आपलं नाव शोधत बसणार नाही. पण डेकोरेटरचा फोटो आल्याशिवाय आपलं काम सुरू होत नाही हे त्याला त्याच ओळीत दिसतं. तिघांना वेगवेगळे मेसेज पाठवले असते तर हेच दिसलं नसतं. डेकोरेटरलाही आपण उशीर केला की कोण ताटकळणार ते दिसतं, आणि ते दिसलं की माणूस जरा वेळेवर येतो.

दोन फोटो मागितलेत ते शोभेसाठी नाहीत. "झालं का?" विचारलं की "झालंच" असं उत्तर येतं आणि "झालंच"चा अर्थ पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत काहीही असू शकतो. फोटोत फ्रेम उभी आहे की नाही ते दिसतं. शिवाय तुम्ही त्या वेळी घरी तयार होत असाल किंवा ओटीचं सामान शोधत असाल, तुम्हाला हॉलवर धावत जावं लागत नाही.

उत्तरात अंगठा आला तर तो मान्य करू नका. "साउंड, 3:50 गेट, 4:15 स्टेज" एवढं त्याने स्वतः लिहायचं. ते लिहिताना, त्या दिवशी दुपारी त्याचं वरळीला दुसरं काम आहे, हे त्याला आठवतं. ते शुक्रवारी आठवलेलं बरं.

मेसेज शुक्रवारी संध्याकाळी टाका. गुरुवारी फोन करून त्यांचे तास विचारून घ्या, शनिवारी दुपारी फक्त बदल असेल तर लिहा. बदल झाला तर "साउंड आता 4 ला" असा तुकडा टाकू नका, पूर्ण मेसेज दुरुस्त करून परत टाका आणि वर लिहा, "हा धरा, जुना सोडा". डेकोरेटरची पोरं मराठी वाचणारी नसतील तर त्याला सांगा, त्यांच्या दोन ओळी हिंदीत करून त्यांना पाठव. भाषांतर त्याचं, वेळा तुमच्या.

रविवार आहे म्हणून आणखी एक. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. एक-दोन दिवस आधी तो जाहीर होतो. टेम्पोतून सामान येतं, पण माणसं लोकलने येतात. साउंडवाल्याचा मदतनीस डोंबिवलीहून किंवा फोटोग्राफरचा सहायक पनवेलहून येत असेल तर टेम्पो वेळेवर आणि उचलायला माणूस नाही, असं होतं. शनिवारी ब्लॉक कुठे आहे ते बघा आणि त्या मार्गावरचा कोण आहे ते फोनवर विचारा.

उशीर झाल्यावर काय सोडायचं हे आताच ठरवून डेकोरेटरला सांगून ठेवा. समजा 4:15 ला फ्रेमचा फोटो आला नाही. पंधरा मिनिटं शिल्लक होती ती तुम्ही आधीच वापरलेली आहेत, म्हणजे आता उशीर खरा आहे. साउंडवाल्याला थांबवून ठेवू नका. मिक्सर मागच्या भिंतीशी लागतो, त्याला स्टेज लागत नाही. कॉर्डलेस माइकच्या बॅटऱ्या बदलणं, मिक्सर लावणं, लाइन तपासणं एवढं तो तोवर करू शकतो, मग फ्रेम झाल्यावर त्याला स्टेजवर फक्त पंधरा मिनिटं लागतात. तरी अर्धा तास मागे पडलात तर साउंड चेक कापू नका. फुलांमधून कापा. बॅकड्रॉप आणि बसायच्या सोफ्याभोवतीची फुलं आधी, मग दाराची कमान, जिन्यावरच्या माळा शेवटी. जिना सोडून दिला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण माइकची शिट्टी वाजली की भटजींचा मंत्र अडतो आणि अख्खा हॉल मागे वळून बघतो.

रांगोळीही मुद्दाम शेवटी ठेवलीये. तुमच्या काकू हौसेने पाचला येऊन बसतील. त्यांना सांगा की शेवटचा खोका बाहेर गेल्याशिवाय दारात पीठ टाकू नका.

नवरीचा मेकअप हॉलच्याच खोलीत होणार असेल आणि त्याचे फोटो हवे असतील तर फोटोग्राफरच्या दोघांपैकी एकाला साडेचारला खोलीत बोलवा. त्याचं काम मेकअपवालीवर अवलंबून आहे, डेकोरेटरवर नाही, म्हणून त्याची ओळ वेगळी. दुसरा मात्र सव्वापाचलाच.

आता खरा धोका राहिला तो तीन वाजण्याचाच. दादरच्या हॉलांत सकाळी लग्न आणि संध्याकाळी दुसरा कार्यक्रम असतो. सकाळची पंगत लांबली की तीनचे साडेतीन होतात आणि आधीच्या पार्टीचा डेकोरेटर आपली फ्रेम सोडतोय, तुमचा दारात उभा, असं चित्र दिसतं. शनिवारी मॅनेजरला विचारा की सकाळी कार्यक्रम आहे का आणि त्यांचा डेकोरेटर कोण आहे. कधी कधी तो हॉलचाच ठरलेला असतो आणि त्याची फ्रेम स्टेजवर तशीच ठेवायला तयार असतो. मापात बसत असेल तर तुमचा डेकोरेटर त्यावर फक्त आपलं कापड लावतो आणि पाऊण तासाचं काम वीस मिनिटांवर येतं. भाडं काय ते त्या दोघांनी आपसात ठरवायचं. तेही जमत नसेल आणि हॉल साडेतीनलाच मिळणार हे कळलं, तर फ्रेमच्या टीमला अर्धा तास उशिरा बोलवा, साउंड आणि फुलांच्या वेळा पाव तास पुढे ढकला, फुलांना एक तासाऐवजी पाऊण तास द्या आणि दाराची कमान रद्द करा. उरलेला पाव तास फ्रेममागच्या शिलकीतून जातो. सव्वापाचपासून पुढची एकही ओळ हलवू नका.